ससा भिजवायचा नाही

कापसाच्या किंवा फरच्या खेळण्याच्या शेपटीखाली एक पांढरी फीत शिवलेली असते. ती बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी कात्रीनं कापली जाते, कारण ती मुलाच्या तोंडात जाते. त्या फितीवर पाण्याच्या टबाचं चित्र आणि त्यावर फुली असेल, किंवा ‘सरफेस वॉश ओन्ली’ असं छापलेलं असेल, तर खेळणं मशीनमध्ये तर नाहीच, बादलीतही घालायचं नाही. फक्त वरून पुसायचं. फीत कापून टाकली असेल तर हे खेळण्यालाच विचारावं लागतं, आणि ते बोटांनी विचारता येतं.

पोट दाबून पाहा. आत चपटी, कडक डबी लागली तर ती आवाजाची पेटी, म्हणजे बॅटरी आणि तारा आल्या. बसक्या खेळण्याच्या बुडाशी काही ताठ लागलं तर बहुधा पुठ्ठा असतो. तो एकदा ओला झाला की लगदा होतो आणि खेळणं पुन्हा कधी सरळ बसत नाही. पाय किंवा बूड दाबल्यावर साबुदाण्यासारखे दाणे सरकले तर त्या प्लॅस्टिकच्या गोळ्या. त्यांना पाण्याचं भय नसतं, पण मशीनच्या फिरण्यात आतली पिशवी फाटली तर त्या सगळ्या कपड्यांत जातात. थर्मोकोलचे मणी तर त्याहून वाईट, ते पाइपात अडकतात. डोळे-नाक नखानं हलकेच ओढून बघावेत. मागून चकतीनं घट्ट बसवलेला डोळा हलत नाही, नुसता डिंकानं चिकटवलेला कडेनं उचलला जातो. लोकरीची, फेल्टची आणि हातानं शिवलेली जुनी बाहुली यांची गोष्ट निराळीच आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

आपण धरून चालतो की असं खेळणं साफ करताना अडचण मळाची असते. मळ खरं तर सोपा आहे. मुलांच्या खेळण्यांचा मळ म्हणजे लाळ, घाम, तेलाचे हात, बिस्किटाचा चुरा आणि जमिनीवरची धूळ, आणि तो जवळजवळ सगळा फरच्या टोकांवर असतो. अवघड असतं ते आत गेलेलं पाणी. हल्लीच्या खेळण्यांत पॉलिस्टरचा पोकळ तंतू भरलेला असतो. तो स्वतः पाणी शोषत नाही, पण तंतूंच्या मधल्या जागेत पाणी धरून ठेवतो. वरचा फर दोन तासांत कोरडा लागतो आणि पोट मात्र आतून ओलंच असतं. दमट वस्तू एक-दोन दिवसांत पूर्ण वाळली नाही की बुरशीला निमंत्रणच. मग चौथ्या दिवशी खेळण्याला कुबट वास यायला लागतो, आणि घरातले म्हणतात, साबण नीट निघाला नाही वाटतं, पुन्हा धुऊ. पुन्हा धुतल्यानं तो वास वाढतो.

म्हणून या कामात साबण हवा, पण पाणी नको. ही कसरत फेस जमवून देतो. फेसात बहुतेक हवाच असते, पाणी थोडं आणि साबण त्याहून थोडा.

शेजारच्या चार वर्षांच्या मुलीचा ससा मध्यंतरी माझ्याकडे आला. वीतभर उंच, पांढरट फर, पोटात गाणं म्हणणारी पेटी, उजव्या कानाला चोखून चोखून आलेला करडा रंग आणि छातीवर वरण-भाताचा पिवळा डाग. त्याच्यावर केलेलं काम इथे क्रमानं सांगते, कारण बाकीची खेळणी थोड्याफार फरकानं याच वाटेनं जातात.

सगळ्यात आधी त्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बसवलं. ३१० ग्रॅम. हा आकडा कागदावर लिहून ठेवायचा, तो पुढे लागतो. मग कोरडी सफाई. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पातळ मलमलचा तुकडा रबरबँडनं बांधून सगळ्या अंगावरून फिरवला. कापड बांधायचं ते एखादा सैल डोळा किंवा मणी ओढला जाऊ नये म्हणून. व्हॅक्यूम नसेल तर खेळणं उशीच्या अभ्र्यात घालून गॅलरीत झटकावं आणि मऊ ब्रशनं फर उलटा-सुलटा करून धूळ काढावी. ही पायरी गाळली तर पुढे फेसानं धुळीचा चिखल होतो आणि तोच फरात मुरतो.

नंतर पेटी. पुष्कळ खेळण्यांत पाठीला वेल्क्रोची चीर असते, तिथून पेटी सरळ बाहेर येते. या सशाची शिवून बंद केलेली होती, त्यामुळे ती आतच राहिली. अशा वेळी पोटाचा भाग सगळ्यात शेवटी घ्यायचा आणि त्या वेळी खेळणं पालथं धरायचं, म्हणजे ओघळलंच तर पाणी बाहेरच्या बाजूला जातं. बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावं. बटणासारखा चपटा सेल मुलानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. तेव्हा सैल झाकणाचं खेळणं स्वच्छ असो की मळकं, मुलाच्या हातात नको. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी घरी काही उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठावा.

मग रंगाची परीक्षा. पांढरं सुती फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून पिळायचं आणि काखेत किंवा पायाच्या तळव्याला, जिथे दिसणार नाही तिथे, दहा-वीस सेकंद दाबून धरायचं. फडक्यावर रंग उतरला तर तो भाग फेसानंही धुवायचा नाही, नुसता कोरडा ब्रश करायचा. सशाच्या गळ्यातली लाल रिबीन या परीक्षेत नापास झाली. ती उसवून बाजूला ठेवली, नाहीतर पांढऱ्या छातीवर गुलाबी ओघळ ठरलेला होता.

फेस करायला अर्धा लिटर कोमट पाण्यात लोकरीच्या कपड्यांचा पातळ साबण एक छोटा चमचा पुरतो. लहान बाळाचा शांपूही चालतो. कपड्यांची पावडर नको, ती पूर्ण विरघळत नाही आणि तिचे कण फरात अडकून राहतात. खोल भांड्यात रवीनं घुसळायचं, ताक करतो तसंच. वर घट्ट फेस आला की फक्त तोच टूथब्रशवर घ्यायचा, खालच्या पाण्याला हात लावायचा नाही. तळहाताएवढा एक भाग धरायचा, फरच्या लवीच्या दिशेनं हलके ब्रश फिरवायचा आणि लगेच, म्हणजे मिनिटाच्या आत, साध्या पाण्यात घट्ट पिळलेल्या पांढऱ्या फडक्यानं तो पुसायचा. फडकं पुन्हा खळबळून, पिळून दुसऱ्यांदा पुसायचं. शेवटी कोरड्या टॉवेलनं दाबायचं. घासायचं नाही, दाबायचं. घासल्यानं फरचे टोकाशी गुंते होतात. एक भाग पूर्ण झाल्यावर पुढचा घ्यायचा. सगळ्या अंगाला एकदम फेस लावून मग पुसत बसलात तर तोवर फेस फुटून त्याचं पाणी झालेलं असतं आणि ते आत उतरलेलं असतं.

साबण राहिला की नाही हे ओळखायची खूण अशी: ओल्या फडक्याखाली फर बुळबुळीत लागतो. तो तसाच राहिला तर वाळल्यावर चिकट होतो, दुप्पट वेगानं मळतो, आणि सशाचा कान तर पुन्हा तोंडातच जाणार असतो. म्हणून कानाला दोन नव्हे, चार वेळा पुसणं दिलं. कानात पेटीही नसते आणि भरावही नसतो, त्यामुळे तिथे पाण्याची भीती कमी.

छातीवरच्या हळदीनं मात्र एक नाटक केलं. फेस लागताच पिवळा डाग विटकरी लाल झाला. हळदीतला रंग आम्लारी साबणाला भेटला की लाल होतो, आपल्याकडे कुंकू करायची जुनी रीत यावरच चालते. तेव्हा घाबरून ब्लीच ओतू नये. साबण पुसून निघाला की डाग परत पिवळ्यावर येतो, आणि उरलेल्या पिवळ्यावर उत्तम औषध ऊन आहे. हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. बाकीचं अंग कापडानं झाकून फक्त छाती तासभर उन्हात ठेवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर, आणि डाग फिका होत गेला. पूर्ण अंग दिवसभर उन्हात ठेवलं असतं तर हळदीबरोबर नाकाचा गुलाबी रंगही गेला असता. दुधाचा आणि उलटीचा डाग यांचं तंत्र वेगळं आहे. तिथे गरम पाणी अजिबात नको, गार पाण्यानं पुसायचं. उष्णतेनं त्यातली प्रथिनं घट्ट होऊन धाग्याला धरून बसतात.

आता वाळवणं. याच पायरीवर बहुतेकांची घाई होते. कानाला चिमटा लावून दोरीवर टांगलं की ओल्या पोटाचं वजन कानाच्या शिवणीवर येतं आणि ती उसवते. त्याऐवजी कांद्या-बटाट्याच्या स्वच्छ जाळीच्या पिशवीत घालून पिशवी टांगावी, किंवा मोठ्या चाळणीवर आडवं ठेवून वरून पंखा लावावा आणि अधूनमधून कूस बदलावी. हेअर ड्रायर वापरायचाच तर थंड हवेवर. गरम हवा जवळून मारली की कृत्रिम फरची टोकं मऊ होऊन आखडतात आणि तो पट्टा कायमचा खरखरीत होतो. तो मग कशानंही पूर्ववत होत नाही. फर अर्धवट ओला असताना एकदा आणि वाळल्यावर एकदा मऊ ब्रशनं विंचरला की तो पुन्हा फुलतो.

वाळलं हे ठरवायला हात पुरत नाही, म्हणून तो वजनकाटा. सफाई संपल्यावर ससा ३४५ ग्रॅम भरला. म्हणजे एवढं जपूनही ३५ ग्रॅम पाणी त्याच्या अंगात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला तो पार कोरडा लागत होता, पण काटा ३१८ दाखवत होता. उरलेले आठ ग्रॅम पोटात होते. संध्याकाळी ३११ आल्यावर मगच गाण्याचं बटण दाबलं. तोवर ती मुलगी दारात तीनदा येऊन गेली होती. ‘मावशी, तो गाणं विसरला तर?’ एवढीच तिला काळजी. आवाजाच्या पेटीत पाणी गेल्याची शंका असली तर ती पूर्ण वाळेपर्यंत बटण दाबायचं नाही आणि सेल काढता येत असतील तर आधी काढायचे. सेलच्या टोकांशी पांढरी भुकटी जमलेली दिसली तर सेल गळला आहे. ती पेटी टाकून द्यावी, पुसून पुन्हा बसवू नये.

हे सगळं कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये करायला जाल तर पंखाही हात टेकतो. हवेतच पाणी असेल तर खेळण्यातलं पाणी जाणार कुठे? त्या दिवसांत एसीचा ‘ड्राय’ मोड लावलेली बंद खोली कामाची. तेही नसेल तर ओली सफाई सरळ श्रावणातल्या उघडिपीवर ढकलावी आणि तोवर कोरड्यावर भागवावं. कोरड्यात खाण्याचा सोडा उपयोगी पडतो. मोठ्या पिशवीत खेळणं आणि त्यावर दोन-तीन चमचे सोडा घालून, तोंड बांधून नीट हलवायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी व्हॅक्यूमनं किंवा झटकून-विंचरून काढायचं. त्यानं वास आणि थोडा तेलकटपणा जातो. जंतू मरत नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नये. आणि डब्यावरचं नाव नीट वाचावं: धुण्याचा सोडा हा वेगळा पदार्थ आहे, तो कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो. बऱ्याच घरांत दोन्ही सारख्याच बरणीत असतात.

ज्या मुलांना धुळीची ॲलर्जी किंवा दमा आहे त्यांच्या घरी प्रश्न मळाचा नसतो, धुळीतल्या माइट नावाच्या किड्यांचा असतो. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कणांवर जगतात आणि दमट हवेत वाढतात. रोज कुशीत घेतलेलं खेळणं म्हणजे त्यांना खाणं आणि ऊब दोन्ही. कपड्यांतले किडे ६० अंशांच्या गरम पाण्यानं मरतात, पण आपलं खेळणं तर भिजवायचंच नाही. इथे फ्रीझर उपयोगी येतो. खेळणं पूर्ण कोरडं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचं आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान एक दिवस-रात्र ठेवायचं. जुन्या एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी टिकेलच असं नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खेळणं खोलीच्या तापमानाला आलं की मगच उघडायची, नाहीतर हवेतलं बाष्प थेट गार फरवर जमतं आणि सगळी मेहनत ओली होते. बांधलेल्या पिशवीत ते बाष्प बाहेरच्या प्लॅस्टिकवर जमतं. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. थंडीनं किडे मरतात, पण ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी, आणि ती तिथेच राहतात. म्हणून फ्रीझरनंतर व्हॅक्यूम किंवा फेसाची सफाई करावीच लागते.

उवा आणि खरूज यांना एवढाही खटाटोप नको. उवा डोक्यापासून दूर एक-दोन दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत, खरजेचे किडे दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा टिकत नाहीत. शाळेतून यातलं काही घरी आलं तर खेळणं पिशवीत बांधून माळ्यावर टाकावं, खरजेसाठी आठवडाभर, उवांसाठी मनाचं समाधान हवं असेल तर दोन आठवडे. मुलांना हा काळ फार वाटतो, पण त्यावर कीटकनाशक फवारण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

आता आजीनं शिवलेली बाहुली. जुन्या साडीचं अंग, काळ्या दोऱ्याचे डोळे, आत चिंध्या किंवा सावरीचा कापूस. तिला वरून फेसही पुरत नाही, कारण सुती कापड पाणी पिऊन घेतं आणि ते थेट आतल्या भरावाला देतं. कापूस ओला झाला की गोळे होतात, वाळायला दिवस लागतात आणि बाहुलीचं पोट कायमचं ओबडधोबड होतं. अशा बाहुलीला उसवणं हाच खरा उपाय. आधी चारी बाजूंनी फोटो काढायचे आणि वजन करायचं. पाठीवर किंवा कुशीत हातानं घातलेल्या टाक्यांची एक शिवण बाकीपेक्षा जाड लागते. भराव भरून शेवटी तिथेच तोंड बंद केलेलं असतं. तेवढीच चार-पाच सेंटिमीटर उसवायची. बोटं आणि चिमटा घालून भराव बाहेर काढायचा. मग रिकामं कातडं रंगाची परीक्षा घेऊन गार पाण्यात हातानं धुवायचं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. आता ते तासा-दोन तासांत वाळतं, कारण आत काही उरलेलंच नाही.

नवा भराव गादीवाल्याकडे मिळतो. रेक्रॉन म्हणून किलोवर विकला जातो तो पांढरा, घसरता तंतू. इथे आधी केलेलं वजन नेमकं उपयोगी पडत नाही, कारण हा तंतू चिंध्यांपेक्षा फार हलका असतो, पण फोटो उपयोगी पडतो. हात, पाय, मान अशी टोकं आधी चिमूट-चिमूट भरायची, धड शेवटी. मूळ बाहुली जितकी लठ्ठ होती तितकीच ठेवायची. जास्त ठासली तर ती ताठ होते आणि मूल ती कुशीत घेत नाही. तोंड बंद करताना दोन्ही कडा आत दुमडून सुई एकदा या घडीतून, एकदा त्या घडीतून न्यायची. दोरा ओढला की टाके आत लपतात. टाके जवळजवळ असावेत, मुलाचं बोट शिरेल अशी फट राहू देऊ नये.

जुन्या स्वस्त खेळण्यांतून उसवल्यावर काय निघेल ते सांगता येत नाही: रंगीत चिंध्यांचा चुरा, फोमच्या कातरणी, कधी चक्क केर. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, पण त्याआधीची आणि जत्रेत घेतलेली खेळणी अजून घराघरांत आहेत. भरावावर काळे-हिरवट ठिपके दिसले तर तो सगळा टाकायचा आणि कातडं धुऊन नव्यानं भरायचं. ठिपके कापडाच्या आतल्या बाजूलाही पसरलेले असतील तर कापडही गेलं असं समजावं. उसवायचं नसेल तेव्हा ओळखायची रीत म्हणजे खेळणं नाकाजवळ धरून दोन्ही हातांनी जोरात दाबायचं. आतली हवा बाहेर येते आणि तिचा वास खोटं बोलत नाही.

आणि एक मालकाची बाजूही असते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली मुलांच्या अशा लाडक्या वस्तूंवर एक प्रसिद्ध लेख लिहिला. मूल ज्या घोंगडीला किंवा बाहुलीला चिकटून झोपतं ती आई मळू देते, वासही येऊ देते, कारण धुतल्यानं मुलाच्या अनुभवातलं सातत्य तुटेल हे तिला कळत असतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. याचा अर्थ कुबट ससा तसाच ठेवावा असा मी घेत नाही. अर्थ इतकाच घेते की सुगंधी साबण आणि फॅब्रिक कंडिशनर वापरू नये. मूल खेळण्याला नाकानं ओळखतं, आणि गुलाबाचा वास येणारा ससा त्याला परका वाटतो. मोठं काम दोन भागांत करता येतं: या आठवड्यात डोकं आणि कान, पुढच्या आठवड्यात अंग. भाग लहान असला की सकाळी घेतलेलं खेळणं रात्री झोपायच्या वेळेला वाळून परत मिळण्याची शक्यताही वाढते. मूल चार-पाच वर्षांचं असेल तर कोरड्या ब्रशनं विंचरण्याचं काम त्यालाच द्यावं. रवी मात्र देऊ नये. शेजारच्या मुलीच्या हातात ती गेली, तेव्हा ओट्यापासून फ्रीजपर्यंत सगळीकडे फेस झाला, आणि सशाला लावायला काही उरला नाही म्हणून पुन्हा घुसळावा लागला.